बर्नडाउनची लाल रेघ अजून वरच आहे. स्प्रिंट वेळेत संपेल की नाही, कसं ओळखायचं?

अर्धा_कटिंग

मंडळी, गेल्या दोन-तीन महिन्यांपासून टीमचं गाडं माझ्याकडे आलंय. चार डेव्हलपर, एक टेस्टर आणि मी. विमा कंपनीसाठी क्लेमचं पोर्टल करतो. स्प्रिंट दोन आठवड्यांचा, सोमवारी सुरू, पुढच्या शुक्रवारी दुपारी डेमो.

आज सहावा दिवस संपला. जिरामधला बर्नडाउन असा दिसतोय: सुरुवात ३८ पॉइंटवर. दुसऱ्या दिवशी ३६. चौथ्या दिवशी रेघ खाली येण्याऐवजी वर गेली, ३९ झाले. पाचव्या दिवशी ३६, आज ३४. राखाडी रेघ मात्र आज १५ च्या आसपास आहे. म्हणजे मधे भलंमोठं भगदाड.

मॅनेजर म्हणतात, "हा स्प्रिंट गेला, क्लायंटला आजच मेल टाक." आमचा सीनियर डेव्हलपर म्हणतो, "२१ पॉइंट दारात उभे आहेत, शुक्रवारी धाडकन पडतील, दर वेळी असंच होतं." दोघंही तोच चार्ट बघतायत. मी कोणाचं ऐकू?

गणिती_गजा

यात अवघड काय आहे? सहा दिवसांत ३८ पैकी किती झाले? ४. म्हणजे दिवसाला पॉइंटभरही नाही. उरलेल्या चार दिवसांत अजून तीन होतील. शेवटी ३१ शिल्लक. राखाडी रेघेच्या वर म्हणजे उशीर, खाली म्हणजे लवकर. मॅनेजर बरोबर आहेत. मेल टाका.

मृण्मयी_के

गजाभाऊ, ४ नाही, ७. चौथ्या दिवशी रेघ ३६ वरून ३९ ला गेली म्हणजे मधेच कोणीतरी ३ पॉइंटचं काम आत ढकललंय. कोणी केलेलं काम त्यामुळे परत जात नाही. ३८ मध्ये ते ३ मिळवा, ४१ होतात. त्यातून ३४ गेले की ७. बर्नडाउनमध्ये केलेलं काम आणि वाढलेलं काम एकाच रेघेत मिसळतं, म्हणून नुसतं सुरुवात वजा आज करून चालत नाही. चार्टखाली जिरा जो तक्ता देतो त्यात कुठल्या दिवशी कुठली स्टोरी आली, गेली, कुणाचा अंदाज बदलला हे ओळीने असतं. तो आधी वाचायचा, चित्र नंतर.

आणि राखाडी रेघेबद्दल. ती जिराने पहिल्या बिंदूपासून शेवटच्या बिंदूपर्यंत पट्टीने ओढलेली असते. तुमची टीम कशी काम करते हे तिला ठाऊक नसतं. ५ पॉइंटची स्टोरी पूर्ण झाल्याशिवाय लाल रेघ अर्ध्या पॉइंटनेही खाली येत नाही, त्यामुळे पहिल्या तीन-चार दिवसांत लाल रेघ वर असणं हे बहुतेक टीमचं रोजचंच. काळजी तेवढ्याने करायची नाही. पण सहाव्या दिवशी ३४, हे "रोजचंच" म्हणून सोडण्यासारखंही नाही.

अर्धा_कटिंग, दोन गोष्टी सांगा. एक, हे ३४ आत्ता बोर्डावर कुठल्या कुठल्या कॉलममध्ये आहेत? दोन, मागच्या तीन स्प्रिंटचे चार्ट उघडा आणि सहाव्या दिवशी किती शिल्लक होते, शेवटी किती राहिले, तेवढंच लिहा.

भर_दुपारी

आमच्याकडे उलटी गंमत. आमची रेघ इतकी सरळ उतरते की राखाडी रेघ तिच्याखाली झाकली जाते. मॅनेजर खूश. आणि स्प्रिंट संपतो तेव्हा निम्म्या स्टोऱ्या तशाच.

कारण आमचा चार्ट पॉइंटवर नाही, तासांवर आहे. मी संध्याकाळी "आज ६ तास" असं टाकलं की उरलेल्या अंदाजातून जिरा आपोआप ६ तास कापतो. आता १६ तासांच्या कामात १२ तास घालवून मी अजून अर्ध्यातच असलो तरी चार्टवर ४ तासच उरलेले दिसतात. उरलेला आकडा हाताने बदलायची सोय आहे, पण संध्याकाळी सात वाजता कोण बदलतंय! म्हणजे आमचा चार्ट काम किती उरलं हे सांगतच नाही, आम्ही ऑफिसात होतो एवढंच सांगतो.

मृण्मयी_के

@भर_दुपारी, अगदी. खरी टीम कधीच इतकी सरळ चालत नाही. रेघ पट्टीसारखी दिसली की मला तरी आधी शंका येते.

अर्धा_कटिंग

मृण्मयीताई, हे घ्या.

३४ ची फोड: क्यूएमध्ये १३ (५, ५ आणि ३ च्या तीन स्टोऱ्या). कोड रिव्ह्यूमध्ये ८ ची एक, क्लेमचा रिपोर्ट एक्सेलमध्ये काढायची. डेव्हलपमेंटमध्ये ५ ची एक आणि मधे आलेला तो प्रॉडक्शन बग, ३ चा. ५ ची एक स्टोरी अजून कोणी उघडलेलीही नाही.

मागचे तीन स्प्रिंट:
३६ ने सुरू, सहाव्या दिवशी २४, शेवटी ५ राहिले.
४० ने सुरू, सहाव्या दिवशी २७, शेवटी ८ राहिले.
३५ ने सुरू, सहाव्या दिवशी २१, शेवटी शून्य.

अजून एक सांगायचं राहिलं. टेस्टर एकच आणि तिची गुरुवारी रजा आहे. बहिणीचा साखरपुडा. रजा महिन्यापूर्वीच मंजूर झालेली, त्यामुळे त्याबद्दल काही म्हणणं नाही.

मृण्मयी_के

आता बोलता येईल. जरा लांब लिहिते.

आधी मागचे स्प्रिंट. सहाव्या दिवसापासून शेवटापर्यंत तुम्ही किती उतरवलंत? २४ वरून ५, म्हणजे १९. २७ वरून ८, परत १९. २१ वरून शून्य, २१. तिन्ही वेळा शेवटच्या चार दिवसांत साधारण वीस. म्हणजे तुमचा सीनियर म्हणतो त्यात तथ्य आहे, तुमची टीम खरंच शेवटी धाडकन उतरते, आणि गजाभाऊंचा सरासरीचा हिशोब तुमच्या टीमला लागू पडत नाही. पण त्याच आकड्यांनी सीनियरचा दावाही कापला जातो. ३४ मधून वीस गेले तरी १३ ते १५ उरतात. तिन्ही स्प्रिंटमध्ये सहाव्या दिवशी २१ ते २७ च्या दरम्यान होतात, या वेळी ३४. "दर वेळी असंच होतं" म्हणायला आत्तापर्यंत तिथे असायला हवं होतं.

म्हणून सगळं वेळेत संपेल का, याचं उत्तर आजच "नाही" असं आहे. खरा प्रश्न पुढचा: १३ उरणार की त्याहून जास्त? ते रेघ सांगणार नाही, बोर्ड सांगेल.

बोर्ड उजवीकडून डावीकडे वाचा. क्यूएमध्ये तीन स्टोऱ्या, रिव्ह्यूमधून आठवाली येणार, बगही येणार. हे सगळं एकाच बाईंच्या हातून जायचंय आणि त्यांच्याकडे चार नाही, तीनच दिवस आहेत: मंगळवार, बुधवार, शुक्रवार. शुक्रवारचा तर अर्धाच, दुपारी डेमो. आता मागच्या पाच-सहा स्टोऱ्यांची हिस्टरी उघडून पाहा, क्यूएमध्ये गेल्यापासून डनला जाईपर्यंत किती दिवस लागले. समजा ५ च्या स्टोरीला दीड दिवस लागत असेल, तर अडीच दिवसांत एक ५ ची नक्की, दुसरी काठावर, आणि ३ वालीचा तर जीव टांगणीला. आठवालीचा नंबर लागणारच नाही. तसं झालं तर २१ पेक्षाही जास्त उरतील. मागच्या तिन्ही स्प्रिंटमध्ये टेस्टर चारही दिवस हजर होती ना? मग ते वीस पॉइंट या वेळी जसेच्या तसे धरता येणार नाहीत.

"२१ दारात उभे आहेत" या वाक्यातली अडचण हीच. २१ उभे आहेत खरे, पण दार एकच आणि तेही गुरुवारी बंद.

आज करण्यासारखं: न उघडलेली ५ ची स्टोरी प्रॉडक्ट ओनरला विचारून आजच बाहेर काढा. डेव्हलपमेंटमधलं ५ चं काम थांबवून त्या डेव्हलपरला क्यूएतल्या ३ वाल्या स्टोरीची टेस्टिंग द्या, त्याने स्वतः लिहिलेली नसेल तर. आठवालीचा रिव्ह्यू उद्या सकाळी संपवा, दुपारी नाही. आणि अडकलेल्या गोष्टी शोधायला रोज सकाळी हे चालवा:

```
sprint in openSprints() AND statusCategory != Done
AND NOT status changed AFTER -2d
```

दोन दिवसांत ज्या जागच्या हललेल्या नाहीत त्या सगळ्या दिसतील. स्टँडअपमध्ये बोलायचं ते त्यांच्यावर.

टेस्टरबाई

मृण्मयी, सगळं पटलं, पण दीड दिवसाचा हिशोब पॉइंटच्या प्रमाणात धरू नकोस. पॉइंट देताना टेबलाभोवती चार डेव्हलपर आणि एक टेस्टर असतात, मग आकडा कोणाच्या कष्टाचा येणार? मागे माझ्याकडे ३ ची एक स्टोरी होती, पेमेंट अर्धवट राहिलं तर पुन्हा प्रयत्न करायची. कोड चाळीसेक ओळी. टेस्टिंगला मात्र नेट बंद करून पाहा, बँकेचं पान मधेच बंद करून पाहा, दोनदा बटण दाबून पाहा, तेच पैसे दोनदा कापले जातात का ते पाहा... दोन दिवस गेले. त्याच स्प्रिंटमध्ये ५ ची एक होती, सहा पानांवर नवं हेडर. दुपारी चहाच्या आत संपली.

तेव्हा क्यूएमधल्या तीन स्टोऱ्या कुठल्या आहेत, हे तुमच्या टेस्टरला विचारा. आकड्याला विचारू नका. आणि दुसरं विचारा: यातली कुठली परत येईल असं वाटतं? आम्हाला पहिल्या अर्ध्या तासात अंदाज येतो. कोणी विचारत नाही म्हणून बोलत नाही.

अर्धा_कटिंग

विचारलं आत्ता फोन करून. म्हणाली, दोन ५ वाल्या ठीक आहेत, एक तर जवळपास झालीय. ३ वाली डोकेदुखी आहे: क्लेमसोबत एकापेक्षा जास्त कागद अपलोड करायचे, आणि हॉस्पिटलची बिलं मोबाइलवरून फोटो काढून टाकली की मधूनच फाइल गायब होते. आणि आठवालीबद्दल म्हणाली, "ती बघायच्या आधीच सांगते, परत जाणार." कारण विचारलं तर म्हणे एक्सेलमध्ये तारखा कधीच पहिल्या फटक्यात नीट येत नाहीत.

विदर्भवीर

वाचतोय. माझा पण हाच प्रश्न आहे. आमचं प्रोजेक्ट मार्चमध्ये द्यायचंय, बॅकलॉगमध्ये साडेचारशे पॉइंट आहेत आणि दर महिन्याला बॅकलॉग वाढतोच आहे. बर्नडाउन कधी खाली येईल?

मृण्मयी_के

विदर्भवीर, तुमचा प्रश्न रिलीजचा आहे, स्प्रिंटचा नाही. जिथे काम सतत वाढतं तिथे खाली येणारी एकच रेघ बघून डोकं फिरेल. झालेलं काम आणि एकूण काम अशा दोन रेघा वर जाताना दाखवणारा चार्ट लावा, त्या कुठे भेटतात ते पाहा. वेगळा धागा काढा, तिकडे बोलू.

पंचवीस_वर्षं

मी सांगू? ती ८ वाली स्टोरी आत्ताच ५ आणि ३ अशी तोडा. रिपोर्ट काढणं वेगळं, एक्सेलचं स्वरूप वेगळं. ५ शुक्रवारी डन होईल, रेघ खाली येईल, क्लायंटलाही काहीतरी दिसेल. उगाच आठच्या आठ लटकवून ठेवण्यात काय पॉइंट? (हेतुपुरस्सर नाही.)

गणिती_गजा

मान्य, ७ होते. पण काका, मधेच स्टोरी तोडणं म्हणजे चार्टला पावडर लावणं. उद्या सगळेच शुक्रवारी सकाळी तोडातोड करतील.

पंचवीस_वर्षं

पावडर कशी? एक्सेल नीट नसतानाही क्लेमची यादी पडद्यावर दिसणं वापरणाऱ्याच्या उपयोगाचं असेल तर ती खरी वेगळी स्टोरी आहे. उपयोगाचं नसेल तर तोडू नका. मी चार्टसाठी सांगत नाहीये.

मृण्मयी_के

काकांची अट मान्य आहे, पण वेळ मान्य नाही. ही अट नियोजनाच्या बैठकीतही लागू होत होती, तेव्हा का नाही सुचलं? सहाव्या दिवशी सुचतं तेव्हा दहापैकी नऊ वेळा मागे रेघच असते. एखादी वेळ खरी असेल, नाही म्हणत नाही.

भर_दुपारी

रेघेवरून आठवलं. अर्धा_कटिंग, ती ५ ची स्टोरी बाहेर काढलीत की लाल रेघ लगेच ५ ने खाली येईल, अगदी काम पूर्ण झाल्यासारखी. फरक फक्त खालच्या तक्त्यात दिसतो. मॅनेजर चार्टचा स्क्रीनशॉट मागतात की लिंक? स्क्रीनशॉट मागत असतील तर त्यावर हाताने लिहा, नाहीतर उद्या सकाळी "बघा, झाली ना सुधारणा" म्हणतील.

अर्धा_कटिंग

स्क्रीनशॉट. 😐 लिहितो.

मेल आज टाकला, पण "स्प्रिंट गेला" असा नाही. एक स्टोरी पुढच्या स्प्रिंटला, एक्सेल रिपोर्ट डेमोत दाखवता येईल की नाही हे बुधवारी संध्याकाळी सांगतो, बाकी चार गोष्टी दाखवू, असा. क्लायंटचं उत्तर दहा मिनिटांत आलं: एक्सेल त्यांना महिनाअखेरीला हवाय, कागद अपलोडचं मात्र या शुक्रवारी दाखवाच. आणि आम्ही आठवालीच्या मागे लागणार होतो!

टेस्टरबाई

बघा. चार्टवर ८ मोठा आणि ३ छोटा. क्लायंटच्या लेखी उलटं.

अर्धा_कटिंग

(शनिवारी)

ज्यांनी मदत केली त्यांच्यासाठी पुढचं सांगतो. मंगळवारी ५ ची एक स्टोरी बाहेर काढली, रेघ २९ वर. एक ५ वाली मंगळवारी, दुसरी बुधवारी डन. प्रॉडक्शन बग बुधवारी रात्री. अपलोडवाल्या ३ च्या स्टोरीवर दुसऱ्या डेव्हलपरला बसवलं, त्याने गुरुवारी टेस्टर नसताना तीन जुने फोन गोळा करून फोटो टाकत बसायचं काम केलं. फाइल गायब व्हायचं कारण सापडलं: एकाच नावाचे दोन फोटो आले की दुसरा पहिल्याला खाऊन टाकायचा. शुक्रवारी अकराला डन.

आठवाली परत आली. तारखाच. डेव्हलपमेंटमधली ५ तशीच राहिली. शेवटी चार्टवर १३ शिल्लक.

मॅनेजर म्हणाले, "मी म्हटलं होतं." सीनियर म्हणाला, "१६ पॉइंट चार दिवसांत पडले, मी म्हटलं होतं."

मृण्मयी_के

चार्टवर १३, पण बाहेर काढलेले ५ धरले तर १८. मागच्या स्प्रिंटशी तुलना करताना १८ च धरा, नाहीतर पुढच्या वेळी हाच आकडा तुम्हाला फसवेल. शेवटच्या चार दिवसांत या वेळी १६ झाले, तीन दिवसांच्या टेस्टरसह. तेही लिहून ठेवा.

अर्धा_कटिंग

एक शेवटचं. ती आठवाली पुढच्या स्प्रिंटमध्ये किती पॉइंटने घेऊ? खरं तर तारखा आणि पुन्हा टेस्टिंग एवढंच उरलंय, २ चं काम. सीनियर म्हणतो ८ च ठेव, नाहीतर आमचे ६ वाया.

पंचवीस_वर्षं

८ च ठेवा. अंदाज स्टोरीचा असतो, उरलेल्या कामाचा नाही. दोन स्प्रिंटची सरासरी काढली की बरोबर बसतं.

गणिती_गजा

मग पुढच्या बर्नडाउनची सुरुवातच खोटी झाली ना? मंगळवारी एका झटक्यात ८ पडतील आणि हा पुन्हा इथे येऊन विचारेल, आम्ही पुढे आहोत का म्हणून.

भर_दुपारी

गजाशी सहमत. नियोजन करताना टीमच्या क्षमतेत २ च धरा.

मृण्मयी_के

मी स्टोरीवर ८ ठेवते आणि नियोजनाच्या बैठकीत फळ्यावर बाजूला २ लिहिते. दोन्ही बाजूंचे लोक नाराज होतात. टेस्टरबाई, तुमच्याकडे काय करतात?

टेस्टरबाई

आमच्याकडे दर वेळी यावरच अर्धा तास जातो. आणि "२ चं काम उरलंय" हे कोणी ठरवलं, डेव्हलपरने की टेस्टरने?